ट्रीला लायटिंगची माळ किती लागेल? आधी टेप लावा

ख्रिसमस ट्रीची नुसती उंची सांगून माळ आणली की हमखास खालीच संपते, शेंडा अंधारात. कारण खालचा घेर मोठा असतो, पहिले दोन-तीन वेढेच भरपूर माळ खातात.

समजा ट्री ५ फुटी आहे, खालचा अर्धा फूट स्टँड सोडला की हिरवा भाग साडेचार फूट म्हणजे ५४ इंच, खाली रुंदी ३ फूट. वर निमुळतं होत शून्यावर येतं म्हणून सरासरी रुंदी दीड फूट धरायची, गुणिले ३.१४, म्हणजे एक वेढा साधारण ४.७ फूट. दर ६ इंचाला एक वेढा म्हणजे ९ वेढे, ९ × ४.७ = जवळपास ४२ फूट. १० मीटरची माळ ३३ फूटच असते, त्यात प्लगकडची बिनदिव्याची वायर पण मोजलेली असू शकते, म्हणून दोन घ्या.

चमकीच्या झिरमिळ्या ९ इंचाला एक वेढा पुरतात, ६ वेढे म्हणजे २८ फूट, पण त्या थोड्या लोंबायला हव्यात तर ३२ धरा. ट्री भिंतीला टेकवणार असाल तर बॉल्स फक्त पुढच्या बाजूचेच मोजा.