आदिवासी कुटुंबातली वारसनोंद: हिंदू वारसा कायदा लागू नसताना काय करायचं

वडील वारले, सातबाऱ्यावर त्यांचं एकट्याचं नाव. मुरबाड तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर १ हेक्टर २० आर जमीन. आई आधीच गेलेली. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी लग्न होऊन कळव्याला राहते. भाऊ म्हणतात, आपल्यात पोरीला जमिनीत वाटा देत नाहीत. बहिणीला ओळखीचा कुणी सांगतो, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला समान हक्क मिळालाय, दावा ठोक. हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण ठाणे जिल्ह्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. यात दोन्ही बाजूंचं म्हणणं अर्धवट आहे. म्हणून कागद करायला घेण्याआधी कायदा कुठला लागतो ते पाहावं.

पहिली पायरी: कुटुंब खरंच अनुसूचित जमातीत आहे का ते बघा

हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २(२) नुसार हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. केंद्र सरकारने अधिसूचना काढून तो लागू केला तरच गोष्ट वेगळी. वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी यांच्यासाठी तो तसा लागू केलेला नाही. शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ लिहिलेलं असलं तरी यात बदल होत नाही. पुरावा म्हणून बघायचं ते जात प्रमाणपत्र, आणि असेल तर पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र.

नवी मुंबईकरांचा इथे हमखास गोंधळ होतो. आगरी आणि सोनकोळी अनुसूचित जमातीत येत नाहीत. त्यामुळे बेलापूर, घणसोली, दिवाळे इथल्या आगरी-कोळी कुटुंबांना हिंदू वारसा कायदा सरळ लागू आहे आणि २००५ ची दुरुस्तीही. नुसत्या ‘कोळी’ शब्दावर जाऊ नका, प्रमाणपत्रावर पुढे-मागे काय लिहिलंय ते वाचा. मुलीने जमातीबाहेर लग्न केलं म्हणून तिची स्वतःची जमात जात नाही, ती जन्माने मिळते.

याला एक अपवाद आहे. कुटुंबाने जमातीच्या रीती पूर्ण सोडल्या आणि वारशातही हिंदू रीतच स्वीकारली, असं सिद्ध झालं तर कोर्ट हिंदू कायदा लावू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका संथाळ कुटुंबाला तो लावला होता. पण हे सिद्ध करणं सोपं नाही. घरात गणपती बसतो एवढ्याने भागत नाही. लग्न अजून धवलेरी लावत असेल, आजारपणात भगताकडे जाणं असेल, तर तो मुद्दा उचलून पदरात काही पडणार नाही.

दुसरी पायरी: वाद कशावर आहे ते नीट ठरवा

२००५ च्या दुरुस्तीवर बांधलेला बहिणीचा दावा पहिल्याच सुनावणीत लंगडा पडतो. ९ डिसेंबर २०२२ रोजी कमला नेती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. ओडिशातल्या एका आदिवासी मुलीने संपादित जमिनीच्या मोबदल्यात हिंदू वारसा कायद्याखाली वाटा मागितला होता. तो मिळाला नाही. कायदा बदलायचा विचार करा, असं न्यायालयाने केंद्र सरकारला सुचवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिमाचलच्या एका प्रकरणातही कलम २(२) ची तीच भूमिका कायम राहिली.

म्हणून भाऊ जिंकले असं नाही. १७ जुलै २०२५ चा राम चरण विरुद्ध सुखराम हा निकाल बहिणीने वकिलाकडून समजून घ्यावा. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबातल्या मुलीच्या वारसांनी आजोबांच्या जमिनीत वाटा मागितला होता. खालच्या कोर्टांनी त्यांनाच विचारलं: मुलीला वाटा देणारी रीत तुमच्यात आहे, हे दाखवा. दाखवता आली नाही म्हणून दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रश्नच उलटा विचारला गेलाय. मुलींना वगळणारी रीतही कुणी सिद्ध केलेली नाही. अशा वेळी केवळ बाई म्हणून तिला डावलणं संविधानाच्या कलम १४ च्या समानतेत बसत नाही. मुलीच्या वारसांना समान वाटा मिळाला.

आपल्या उदाहरणात याचा हिशेब सरळ आहे. मुलींना वगळणारी रीत सिद्ध झाली तर भावांना ६०-६० आर आणि बहिणीला शून्य. ती सिद्ध झाली नाही तर तिघांना ४०-४० आर मागता येतात. म्हणजे प्रत्येक भावाचे वीस आर एका पुराव्यावर टांगलेले आहेत, आणि रूढीचा नियम असा की जो रूढी सांगतो त्यानेच ती सिद्ध करायची. ‘आमच्यात नाही देत’ हे वाक्य पाड्यावर चालतं, कोर्टात तो फक्त एक आरोप असतो. बहिणीच्या दाव्यात हिंदू वारसा कायद्याचं नाव नसावं. ‘वगळणारी रूढी नाही, म्हणून समान वाटा’ हा आधार असावा.

तिसरी पायरी: रीतीचा पुरावा गोळा करा

हे काम वेळखाऊ आहे आणि सगळ्यात कमी लोक ते करतात. कोर्ट मानतं ती रूढी जुनी, निश्चित, सलग पाळलेली आणि लोकांना बंधनकारक वाटणारी हवी. अमुक घराने एकदा बहिणीला दिलं नाही, ही रूढी होत नाही. एखाद्या घराने दिलं, हीसुद्धा नाही.

आपल्या आणि शेजारच्या पाड्यांवरची, त्याच जमातीची, जुनी वारस-फेरफारं काढा. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, ६-क म्हणजे वारस नोंदवही. स्कॅन झालेले जुने अभिलेख aapleabhilekh.mahabhumi.gov.in वर सापडू शकतात. नसतील तर तहसील कार्यालयातून नक्कल मागा. प्रत्येक फेरफाराला चार गोष्टी टिपा: मयताला मुली होत्या का, त्यांची नावं लागली का, विधवेचं नाव लागलं का, पुढे कुणी हरकत घेतली का. मुलगी नव्हतीच, तर तो फेरफार कुणाच्याच कामाचा नाही.

फक्त थोरल्या भावाचं नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर थांबा. हे ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’चं लघुरूप. याचा अर्थ बाकीच्यांना वाटा नाही असा नाही, तो माणूस सगळ्यांच्या वतीने लिहिला गेलाय इतकाच. बहिणींची नावं कधी मुख्य रकान्यात नसतात पण ‘इतर अधिकार’मध्ये असतात, तो रकाना डोळ्यांखालून घालाच. असा एक फेरफार सापडला की भावांच्या ‘कधीच देत नाहीत’मधला ‘कधीच’ गळतो.

कागदाबरोबर माणसं लागतात. पाड्यातले जाणते, दुसऱ्या कुळातलेही, ज्यांना या जमिनीत काही मिळायचं नाही असे साक्षीदार शोधा. त्यांना ‘रीत काय आहे’ हे विचारण्यापेक्षा ‘कुणाच्या वेळी काय झालं’ हे विचारा. घरजावई राहिला तेव्हा जमीन कुणाकडे गेली? विधवेने पाट लावल्यावर तिच्या हातातली शेती कुणी कसली? अशी उत्तरं उलटतपासणीत टिकतात.

चौथी पायरी: वारसनोंदीचा अर्ज

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, वंशावळ आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र लागतं.

हे प्रतिज्ञापत्र वाचल्याशिवाय सही करू नका. टंकलेखकाकडच्या ठरावीक मसुद्यात ‘हिंदू वारसा कायद्याप्रमाणे’ हे शब्द बसलेले असू शकतात. ते खोडून ‘मयत वारली या अनुसूचित जमातीचे होते’ असं लिहून घ्या. आणि बहिणीचं नाव गाळून ‘याशिवाय अन्य वारस नाहीत’ असं कुणी लिहिलं तर तो वाद रीतीचा राहत नाही, ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं. भावांना रीतीवर लढायचंच असेल तर नाव दाखवावं आणि हरकत घ्यावी.

फेरफार धरला की संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत लेखी द्या, पोच घ्या. ती आली की प्रकरण ६-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत प्रांताकडे अपील करता येतं.

पण महसूल अधिकारी मालकी ठरवत नाही. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून हक्क आला नाही, आणि नाही लागलं म्हणून गेला नाही. रूढी आहे की नाही, हे दिवाणी न्यायालय ठरवतं. वाद खरा असेल तर प्रांत-कलेक्टरच्या फेऱ्यांत वर्षं घालवण्यापेक्षा वाटपाचा दावा लवकर लावलेला बरा, असं माझं मत आहे. विशेषतः जमीन रस्त्यात जात असेल तर. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला. असं संपादन आलं की मोबदल्याआधी हरकत नोंदवणं गरजेचं असतं, कारण एकदा पैसे वाटले की मागे लागणं फार कठीण.

हक्कसोड आणि वनपट्टा

बहीण आपखुशीने वाटा सोडत असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हवं. साध्या स्टॅम्पपेपरवरचा अंगठा पुरत नाही. हक्कसोडीमागे कुणी फार्महाऊसवाला उभा आहे का, तेही बघा: आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते.

वनहक्क कायदा २००६ खाली मिळालेल्या पट्ट्याचं गणित वेगळं आहे. तो वारसाने जातो, पण विकता येत नाही. दांपत्य असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, म्हणून नवरा गेला की बायको हक्कधारक राहतेच. तिचं नाव वगळून मुलांची नावं चढवायला कुणी सांगितलं तर नकार द्या. थेट वारस नसेल तर पट्टा जवळच्या नातलगाकडे जातो.

वकिलाची फी परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जमातीच्या कुणालाही, आणि कुठल्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे या उदाहरणातले भाऊ आणि बहीण दोघेही तिथे अर्ज करू शकतात. जाताना जात प्रमाणपत्र आणि तिसऱ्या पायरीतल्या फेरफारांच्या नकला बरोबर घ्या.