‘व्हेन्यू सिंगापूर’ लिहून मी काय गमावले

परदेशी पुरवठा करारातील लवादाचे कलम नवखे वकील सहसा शेवटच्या रात्री जुन्या करारातून उचलतात, आणि मीही तेच केले होते. पुण्याजवळचा सुट्या भागांचा एक उत्पादक आणि जर्मनीतील खरेदीदार यांच्या करारात मी ‘लवादाचे व्हेन्यू सिंगापूर असेल’ असे लिहिले आणि खाली ‘मुंबईच्या न्यायालयांनाच अधिकार राहील’ हे वाक्य तसेच राहू दिले. माझ्या वरिष्ठांनी मसुद्यावर खूण केली. पण खूण करणारा वरिष्ठ म्हणजे वाचणारा वरिष्ठ नव्हे, हे मला नंतर कळले.

माल नाकारला गेला, पैसे अडले आणि खरेदीदाराने नोटिशीनंतर तीस दिवसांत आपला आर्बिट्रेटर नेमला नाही. आता नेमणूक मागायची कोणाकडे? लवादाचे कायदेशीर घर, म्हणजे सीट, भारतात धरली, तर आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद असल्याने १९९६ च्या भारतीय लवाद कायद्याच्या कलम ११ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागते; सीट सिंगापूर धरली, तर तिथल्या कायद्याप्रमाणे नेमणुकीचा अधिकार सिंगापूर आंतरराष्ट्रीय लवाद केंद्राच्या, म्हणजे सिआकच्या, लवाद न्यायालयाच्या अध्यक्षांकडे जातो. सीट जिथे असेल, तिथली न्यायालये लवादावर देखरेख ठेवतात आणि निवाडा रद्द करण्याचा अर्जही तिथेच होतो. व्हेन्यू म्हणजे केवळ बैठकीची जागा. एकटा ‘व्हेन्यू’ शब्द सीट ठरतो का, यावर सर्वोच्च न्यायालयाची २०१८ आणि २०१९ ची उत्तरे एका दिशेची नाहीत. २०१९ च्या निकालाप्रमाणे विरुद्ध संकेत नसेल तर व्हेन्यूलाच सीट मानता येते, पण माझ्या कलमात मुंबईच्या न्यायालयांच्या वाक्याने नेमका तसा संकेत मीच ठेवला होता. प्रतिपक्षाला वाद घालायला तेवढे पुरले, आणि मूळ देण्याचा मुद्दा निघण्याआधी आठ महिने गेले.

आज तोच करार असता, तर मी असे लिहिले असते: ‘या करारातून उद्भवणारा किंवा त्याच्याशी संबंधित प्रत्येक वाद सिआकच्या तत्कालीन नियमांनुसार लवादाने सोडवला जाईल. लवादाची सीट सिंगापूर असेल. आर्बिट्रेटर तीन असतील. प्रत्येक पक्ष एकेक नेमेल आणि ते दोघे तीस दिवसांत अध्यक्ष निवडतील. कोणतीही नेमणूक मुदतीत न झाल्यास ती सिआकच्या लवाद न्यायालयाचे अध्यक्ष करतील. भाषा इंग्रजी असेल.’ मुंबईच्या न्यायालयांचे वाक्य पूर्ण काढले असते. भारतात तातडीचा अंतरिम आदेश हवा असेल, तर विरुद्ध करार नसल्यास २०१५ च्या दुरुस्तीनंतर परदेशी सीट असतानाही कलम ९ खाली मागता येतो, त्यामुळे त्यासाठी ते वाक्य ठेवण्याची गरज नाही.

रक्कम लहान असेल, तर तिघांचा खर्च वादाहून मोठा होतो; तेव्हा एकच आर्बिट्रेटर ठेवा. भाषेचा प्रश्न सोपा आहे, फक्त जर्मन ई-मेल आणि तपासणी अहवालांच्या भाषांतराचा खर्च कोण उचलेल तेही लिहून ठेवा. घाबरण्यासारखे यात फारसे नाही. ‘व्हेन्यू’ हा शब्द मात्र मसुद्यात शोधा आणि सापडल्यास तिथेच थांबा.