पहिला सेल्समन नेमताय? कमिशन ठरवताना या चुका टाळा

पत्र्याचे पार्ट आणि पॅनेल बनवणाऱ्या वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यात पहिला सेल्समन येतो, तेव्हा बोलणं साधारण एवढंच झालेलं असतं: पगार, पेट्रोल आणि बिलावर २ टक्के. घोळ त्या २ टक्क्यांत आहे.

समजा, जीएसटी सोडून १० लाखांची ऑर्डर आहे. पत्रा ६ लाखांचा, पावडर कोटिंग ६० हजार, गाडीभाडं २० हजार. मागे उरले ३ लाख २० हजार. सेल्समनचं कमिशन २० हजार. आता गिऱ्हाईक अडून बसलं म्हणून त्याने ८ टक्के सूट दिली. त्याचे गेले १,६०० रुपये, मालकाचे ८० हजार. यात त्याची लबाडी नाही. आपणच त्याला सूट स्वस्त करून दिली.

कमिशन मागे उरणाऱ्या रकमेवर लावा. सव्वासहा टक्के धरले तर सूट न देता तेच २० हजार मिळतात, सूट दिली की १५ हजार. मालकाचा वाटा चौथ्या हिश्शाने घटला तर त्याचाही तेवढाच घटतो. मात्र खर्च धरायचा तो कोटेशनच्या कॉस्टिंग शीटवरचा, आणि ती शीट त्याला दाखवायची. नंतर पत्रा महागला किंवा शॉपवर माल रिजेक्ट झाला, तर तो भुर्दंड त्याच्या माथी नको. महिनाअखेरीला तो खरेदीची बिलं मागू लागला, तर समजा की हिशेबावरचा त्याचा विश्वास उडालाय.

दुसरी चूक म्हणजे बिल निघताच कमिशन देणं. मग वसुलीच्या फोनला तो हात लावत नाही. जितके पैसे जमा, तितक्या प्रमाणात कमिशन. डेबिट नोट आली तर कारण बघा. चुकीचा रेट कबूल केला असेल तर कापा. क्वालिटीची तक्रार असेल तर कापू नका.

पण हाच नियम पहिल्या दिवसापासून लावला तर चांगला माणूस चौथ्या महिन्यात जातो. नव्या कंपनीत व्हेंडर कोड, सॅम्पल, अप्रूव्हल, ट्रायल लॉट यांतच सहा महिने सहज निघतात. तोवर कमिशनऐवजी ठरावीक रक्कम द्या, परत न घेण्याच्या बोलीवर. या काळात विक्री मोजू नका. कोटेशनसाठी किती ड्रॉइंग आली ते मोजा. तीन महिन्यांत एकही आलं नाही, तर आधी त्याचे व्हिजिट रिपोर्ट वाचा. बऱ्याचदा तो फक्त परचेसवाल्याला भेटून परतत असतो, डिझाइन किंवा क्वालिटीच्या माणसापर्यंत पोचतच नाही.

जुन्या गिऱ्हाइकांची यादी, मागच्या बारा महिन्यांच्या बिलिंगसकट, नेमणूकपत्राला जोडा. त्यांच्याकडून फक्त वाढलेल्या धंद्यावर कमिशन. आणि तो सोडून गेला तर काय, हेही त्याच पत्रात लिहा: जाण्याआधी बिल झालेल्या मालाचे पैसे ९० दिवसांत आले, तर त्याचं कमिशन त्याला पोचतं करायचं.