स्नेहसंमेलनाचा गँट चार्ट : एक्सेलमध्ये आखण्याआधी आणि आखताना तपासायच्या गोष्टी

महाविद्यालयाचे वार्षिक स्नेहसंमेलन शनिवार, १३ फेब्रुवारी २०२७ रोजी आहे आणि तयारी सोमवार, ४ जानेवारीपासून सुरू होणार आहे, असे धरून ही यादी लिहिली आहे. गँट चार्ट म्हणजे प्रत्येक काम कधी सुरू होते आणि कधी संपते हे तारखांखालील आडव्या पट्टीने दाखवणारा तक्ता. संगणकासमोर बसण्यापूर्वी कामांची नावे, प्रत्येक कामाला लागणारे दिवस, त्याची जबाबदारी आणि ते कोणत्या कामानंतरच सुरू होऊ शकते, या चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. चौथी गोष्ट बहुतेक समित्या लिहीतच नाहीत, आणि मग चार्ट रंगीत दिसला तरी एखादे काम लांबल्यावर त्याचा पुढे काय परिणाम होईल हे तो सांगू शकत नाही.

आपल्या उदाहरणात मंजुरी आणि अंदाजपत्रकाला ५ दिवस लागतील. त्यानंतर प्रायोजक मिळवण्यासाठी १५, सभागृहाच्या आरक्षणासाठी ३ आणि कलाकारांच्या निवडीसाठी ४ दिवस लागतील. निवडीनंतर २० दिवस सराव आणि मग एक दिवस रंगीत तालीम होईल. प्रायोजकांची नावे निमंत्रणपत्रिकेवर छापायची असल्यामुळे छपाईचे ६ दिवस प्रायोजकांनंतर आणि वाटपाचे ६ दिवस छपाईनंतर येतील. हे सगळे कामाचे दिवस आहेत. महाविद्यालय शनिवारी सुरू असते, तेव्हा सुट्टी फक्त रविवारची आणि २६ जानेवारीची धरावी.

आता कोरी शीट घ्यावी. B1 मध्ये तयारीच्या प्रारंभाची आणि B2 मध्ये संमेलनाची तारीख लिहावी. चौथ्या ओळीत A पासून F पर्यंत काम, जबाबदारी, आधीचे काम, दिवस, सुरुवात आणि शेवट अशी शीर्षके द्यावीत. G स्तंभ मोकळा ठेवावा. सुट्ट्यांच्या तारखा दुसऱ्या शीटवर लिहून, तेवढे कप्पे निवडून, सूत्रपट्टीच्या डावीकडील नावाच्या चौकटीत Sutti असे टाइप करून एंटर दाबावे. तारखा टाकताना संगणक त्या कशा वाचतो हे आधी पाहावे, कारण संगणकावर अमेरिकन पद्धत निवडलेली असेल तर 4/1/2027 ही तारीख निमूटपणे १ एप्रिल होते, आणि 13/1/2027 तारीख न होता साधा मजकूर म्हणून कप्प्याच्या डाव्या कडेला चिकटून बसते. कोणतीही तारीख डावीकडे सरकलेली दिसली की तिच्यावर विश्वास ठेवू नये.

पहिले काम पाचव्या ओळीत येईल. E5 मध्ये =B1 लिहावे. त्याचा शेवट आणि पुढच्या ओळीतील कामाची सुरुवात अनुक्रमे F5 आणि E6 मध्ये अशी काढावी :

```
=WORKDAY.INTL(E5-1,D5,11,Sutti)
=WORKDAY.INTL(F5,1,11,Sutti)
```

येथे 11 म्हणजे साप्ताहिक सुट्टी केवळ रविवारची. हा आकडा गाळला तर एक्सेल शनिवारही सुट्टीत धरतो आणि सगळे वेळापत्रक नकळत लांबते. पहिल्या सूत्रात E5 मधून एक वजा केला आहे, कारण सुरुवातीचा दिवसही कामाचा म्हणून मोजायचा असतो. शेवटाचे सूत्र सर्व ओळींत खाली ओढता येते; सुरुवातीचे मात्र ओढू नये, कारण प्रत्येक कामाच्या सुरुवातीला त्याच्या आधीच्या कामाचाच शेवट जोडायचा असतो. दोन कामांवर अवलंबून असलेल्या कामासाठी F5 च्या जागी MAX(F7,F9) असे लिहावे. E आणि F स्तंभांना तारखेचे स्वरूप द्यावे; सूत्रे बरोबर असतील तर मंजुरी ८ जानेवारीला, प्रायोजकांचे काम २७ जानेवारीला, सराव ६ फेब्रुवारीला आणि पत्रिकांचे वाटप १० फेब्रुवारीला संपेल. या चार तारखा जुळल्याशिवाय रंगाकडे वळू नये.

पट्ट्यांसाठी H4 मध्ये =B1 आणि I4 मध्ये =H4+1 लिहून ते उजवीकडे AV पर्यंत ओढावे; म्हणजे ४ जानेवारी ते १३ फेब्रुवारी हे ४१ दिवस येतील. स्तंभ अरुंद करून तारखेचे स्वरूप केवळ d ठेवावे, नाहीतर कप्प्यांत #### दिसू लागते. मग H5 पासून सुरुवात करून AV स्तंभात कामांच्या ओळी संपतात तिथपर्यंतचा भाग निवडावा, Conditional Formatting मधील New Rule उघडावा आणि सूत्राचा पर्याय निवडून पुढील दोन नियम वेगवेगळे द्यावेत. पहिला सुट्ट्या करड्या करतो, दुसरा काम रंगवतो :

```
=NETWORKDAYS.INTL(H$4,H$4,11,Sutti)=0
=AND(H$4>=$E5,H$4<=$F5)
```

नियमांच्या यादीत करडा नियम वर असावा. डॉलरची चिन्हे जशीच्या तशी ठेवावीत. पट्टी तिरकी सरकलेली किंवा तुटक दिसली तर दोष जवळपास नेहमी तिथेच सापडतो. स्टॅक्ड बार आलेख काढून त्यातील पहिला भाग अदृश्य करण्याची पद्धतही आहे, परंतु त्यात सुट्ट्या दिसत नाहीत आणि कामांचा क्रम उलटा येतो, म्हणून समितीच्या वापरासाठी मला कप्प्यांची पद्धत अधिक सोयीची वाटते.

चार्ट तयार झाल्यावर तो आधी उभा वाचावा. ९ जानेवारीच्या स्तंभात प्रायोजक, सभागृह आणि निवड अशी तीन कामे एकदमच सुरू होताना दिसतील. त्या तिन्ही ओळींत सांस्कृतिक सचिवांचेच नाव असेल, तर आखणी कागदावरच फसली आहे असे समजावे. आडवे वाचताना पट्टीची लांबी म्हणजे श्रम नव्हेत हे ध्यानात ठेवावे, कारण प्रायोजकांच्या पट्टीत १९ कप्पे व्यापले जातात, पण कामाचे दिवस १५ च आहेत. त्यानंतर कोणत्या साखळीत सैलपणा किती आहे ते पाहावे. साखळीतील शेवटचे काम संपल्यावर संमेलनाआधी उरणारे मोकळे दिवस, वाटप अकराव्या ओळीत असल्यास, असे मिळतात :

```
=NETWORKDAYS.INTL(F11,$B$2,11,Sutti)-2
```

तालमीच्या साखळीत ८ फेब्रुवारीनंतर ४ दिवस उरतात, तर पत्रिकांच्या साखळीत २ च. म्हणजे सर्वांचे लक्ष नाचगाण्यांच्या सरावाकडे असले, तरी धोका प्रायोजकांच्या कामात आहे. ते ३ दिवस लांबले तर पत्रिकांचे वाटप ऐन संमेलनाच्या दिवशी संपेल. यावर उपाय म्हणून ते काम दोन ओळींत तोडावे. पत्रिकेवर नाव छापायचे तो मुख्य प्रायोजक १० दिवसांत, म्हणजे २० जानेवारीपर्यंत ठरवावा, आणि बाकीच्यांची नावे रंगमंचावरील फलकासाठी नंतर घ्यावीत. छपाई आता २१ जानेवारीला सुरू होते, वाटप ४ फेब्रुवारीला संपते आणि मोकळे दिवस ७ होतात.

वापर सुरू झाल्यावर कामांच्या ओळी तारखेनुसार क्रमाने लावू नयेत, कारण त्यामुळे सूत्रांतील संदर्भ बिघडतात. कोणी E स्तंभात हाताने तारीख लिहिली की साखळी तिथेच तुटते आणि पडद्यावर काहीच वेगळे दिसत नाही. म्हणून अधूनमधून Ctrl+` दाबून सर्व सूत्रे शाबूत आहेत ना, हे पाहावे. काम लांबले तर फक्त D मधील दिवस बदलावेत. ते बदलण्यापूर्वी मूळ E आणि F स्तंभांची प्रत दुसऱ्या शीटवर Paste Values ने ठेवावी, म्हणजे ठरलेली तारीख आणि प्रत्यक्षातली तारीख साप्ताहिक बैठकीत शेजारीशेजारी दाखवता येतील.