पर्यावरण जपणाऱ्या मैत्रिणीला बाटली किंवा कप देताय? आधी या चुका टाळा

पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या माणसाला काय द्यायचं असा प्रश्न पडला की बहुतेकांचा हात पुन्हा वापरता येणाऱ्या बाटलीकडे नाहीतर कपाकडे जातो. कल्पना वाईट नाही. पण या एकाच वस्तूत फसायच्या जागा बऱ्याच आहेत, आणि ज्या मैत्रिणीसाठी आपण ती घेतो तिला त्या आपल्याआधी दिसतात.

सगळ्यात मोठी फसगत ‘बांबूच्या’ कपात होते. मातकट रंग, अंगावर बारीक ठिपके, तळाला पानाचं चित्र. यात बांबू असतो, पण पूड करून मिसळलेला. ती पूड धरून ठेवतं ते मेलामाइन रेझिन, म्हणजे मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइडपासून बनलेलं प्लॅस्टिक. हा कप मातीत कुजत नाही आणि वितळवून त्याचं दुसरं काही बनवताही येत नाही, कारण हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा मऊ होत नाही. शिवाय त्यात गरम पेय ओतलं की दोन्ही रसायनं थोडी थोडी पेयात उतरतात. जर्मनीच्या बीएफआर या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये दाखवून दिलं की बांबूची पूड मिसळलेल्या कपांतून ती साध्या मेलामाइनच्या भांड्यांपेक्षाही जास्त उतरू शकतात. पुढे २०२१ मध्ये युरोपीय संघाने अशी भांडी बाजारातून काढायची मोहीम हाती घेतली. थोडक्यात, पर्यावरणाच्या नावावर जो कप जास्त दाम देऊन घेतला, तो साध्या प्लॅस्टिकच्या कपापेक्षाही वाईट निघू शकतो.

ओळखायचा कसा? खऱ्या बांबूच्या वस्तूला उभे तंतू आणि पेरांच्या खुणा दिसतात, आणि ती कोरून किंवा पट्ट्या चिकटवून केलेली असते. कप पातळ, गुळगुळीत, सगळीकडे एकसारखा, साच्यातून काढल्यासारखा असेल तर तो साच्यातूनच काढलेला आहे. वर ‘बांबू फायबर’ लिहिलेलं असेल आणि तळाशी ‘मायक्रोवेव्हमध्ये वापरू नये’ अशी सूचना असेल, तर शंका पक्की समजा. असा कप आधीच घेऊन झाला असेल तर भेट म्हणून देऊ नका. त्यात पेनं ठेवा, पेय मात्र नको.

स्टीलची बाटली आणि तिच्यावर बांबूचं कवच हा याच घराण्यातला जरा सभ्य प्रकार. कवच स्टीलला डिंकाने चिकटवलेलं असतं. रोज धुतल्यावर ते फुगतं, मग चिरतं, आणि चिकटवलेलं असल्यामुळे भंगारात देतानाही स्टीलपासून सहज सुटत नाही. ज्या बाटलीला नुसतं स्टील पुरलं असतं तिला हे कवच हवंच कशाला?

दाव्यांच्या बाबतीत माझा नियम साधा आहे: विशेषण सोडा, नाम वाचा. ‘निसर्गस्नेही’, ‘ग्रीन’, ‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दांतून वस्तू कशाची आहे ते कळत नाही. ‘आतून-बाहेरून १८/८ स्टील, सिलिकॉनचं वायसर, झाकण पॉलिप्रॉपिलीनचं’ यातून कळतं. झाकणात प्लॅस्टिक आहे हे स्वतःहून सांगणाऱ्या विक्रेत्यावर मी जास्त विश्वास ठेवते. ‘कंपोस्टेबल’ या शब्दाचंही असंच आहे. त्यामागचं युरोपीय मानक, ईएन १३४३२, मोठ्या कंपोस्ट कारखान्यातल्या उष्णतेचा हिशेब धरून केलेलं आहे. तिथलं तापमान साठ अंशांच्या आसपास असतं. बाल्कनीतल्या कुंडीत तसं काही घडत नाही, त्यामुळे घरच्या कंपोस्टसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो दावा मैत्रिणीच्या कामाचा नाही.

बाटली टिकेल का, हे देण्याआधी घरीच तपासता येतं. दुहेरी भिंतीच्या बाटलीत दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते. ती पोकळी गेली की बाटली म्हणजे नुसतं जड भांडं. उकळतं पाणी भरा, झाकण लावा, पाच-दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. तोंडाजवळ कोमट लागणारच, कारण तिथे दोन्ही भिंती जोडलेल्या असतात. पण पोट किंवा तळ गरम लागला तर पोकळी गेलेली आहे आणि ती दुरुस्त होत नाही, बाटली लगेच परत करा. ठीक असेल तर थंड झाल्यावर कोरडी करून ठेवा. चुंबक लावून स्टील ओळखायची युक्ती मात्र फार मनावर घेऊ नका, कारण चांगलं १८/८ स्टीलही साच्यात दाबताना थोडं चुंबकाला धरू लागतं.

बहुतेक वेळा आधी मोडतं ते झाकण. बटण दाबल्यावर टपकन उघडणारं, आत स्प्रिंग आणि नळी असलेलं झाकण दुकानात झकास वाटतं. पुढे स्प्रिंग गंजते, फटीत काळी बुरशी धरते आणि धड असलेली बाटली कपाटात जाते. फिरवून लावायचं साधं झाकण घ्या. त्याचं वायसर बोटाने किंवा चमच्याच्या दांड्याने निघतं का ते पाहा आणि विक्रेत्याला सरळ विचारा, सुटं वायसर आणि सुटं झाकण मिळतं का? ‘नवी बाटलीच घ्या’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

आता वेष्टन. प्लॅस्टिक पार्सलच्या आत नंतर सापडतं, म्हणून विचारायचं ते आधी. ऑनलाइन मागवायचं असेल तर ऑर्डरसोबत ‘भेटवस्तूचा खोका नको, प्लॅस्टिकची पिशवी नको’ असं लिहा. सगळे ऐकत नाहीत, म्हणून जमलं तर दुकानातून स्वतः आणलेलं बरं. कागदी दिसणारे खोकेही फसवतात. कोपरा फाडून बघा, फाटलेल्या कडेला पातळ पारदर्शक पापुद्रा लोंबला तर कागदावर प्लॅस्टिक चढवलेलं आहे. चमचमणारा रॅपिंग पेपर मुठीत चुरगळा. सोडल्यावर तो तसाच राहिला तर बहुधा कागद, पुन्हा उलगडला तर प्लॅस्टिकची फिल्म. पार्सल आलं आणि आत बबल रॅप निघालाच, तर तो काढून वर तपकिरी कागद गुंडाळून साळसूदपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. तो रॅप पुढच्या पार्सलसाठी जपून ठेवा आणि विक्रेत्याला कळवा.

हे सगळं तपासण्याआधी मात्र एक प्रश्न विचारायला हवा, आणि नेमका तोच राहून जातो: तिच्याकडे आधीच बाटली आहे का? बहुधा असतेच, कदाचित दोन. स्टील बनवायला बरीच ऊर्जा लागते, त्यामुळे नवी बाटली पहिल्या दिवशी पर्यावरणाच्या हिशेबात तोट्यातच असते. रोज वापरली तर तो तोटा भरून निघतो, कपाटात बसली तर कधीच नाही. तेव्हा गप्पांच्या ओघात तिची बाटली बघून घ्या, कंपनी आणि तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक टिपा. वायसर ढिलं पडलंय, झाकण गळतंय, असं काही असेल तर तेच सुटे भाग आणि आत पोचेल असा लाकडी दांड्याचा ब्रश द्या. भेट म्हणून हे फार छोटं वाटेल, पण रोज वापरलं जाईल. नवीच द्यायची ठरली तर सोबत बिल आणि वायसरचा आकार लिहिलेली चिठ्ठी ठेवा, म्हणजे पुढे सुटा भाग मागवताना तिला शोधाशोध करावी लागणार नाही.