वायूंच्या नियमांची गणितं: ६०० मिलीचे २८२२ मिली कसे होतात?

अकरावीच्या वह्या तपासताना एक आकडा मला दरवर्षी भेटतो: २८२२. गणित साधंच असतं. हलता दट्ट्या बसवलेल्या नळकांड्यात २७ अंश सेल्सिअसला ६०० मिली हवा आहे. दाब तोच ठेवून ती १२७ अंशांपर्यंत तापवली, तर आकारमान किती होईल? पोरं चार्ल्सचा नियम बरोबर ओळखतात, सूत्रही बरोबर लिहितात, आणि मग ६०० ला १२७ ने गुणून २७ ने भागून मोकळी होतात. उत्तर २८२२ मिली. खरं उत्तर ८०० मिली आहे.

आता २८२२ कडे जरा बघा. हवा जेमतेम १०० अंश तापवली आणि ती जवळपास पावणेपाच पट फुगली! असं होत असतं, तर उन्हात ठेवलेला प्रत्येक फुगा फुटला असता.

सेल्सिअसने भागाकार करू नका

चार्ल्सचा नियम सांगतो की दाब आणि वायूचं प्रमाण तेच असेल, तर आकारमान तापमानाच्या पटीत वाढतं. 'पटीत' हा शब्द महत्त्वाचा. पट काढायची तर मोजणी खऱ्या शून्यापासून सुरू व्हायला हवी, आणि सेल्सिअसचं शून्य म्हणजे फक्त पाणी गोठण्याची खूण. तिथे हवेचं आकारमान शून्य होत नाही. शून्य अंशाला जेवढं आकारमान असतं, त्याच्या १/२७३ एवढं ते दर अंशामागे कमी होत जातं. हाच हिशेब मागे नेला, तर ते उणे २७३ अंशांना शून्यावर येतं (प्रत्यक्षात वायू त्याआधीच द्रव होतो, ते सोडा). केल्विनची मोजणी तिथून सुरू होते. म्हणून २७ चे ३०० केल्विन, १२७ चे ४०० केल्विन, आणि ६०० × ४०० ÷ ३०० = ८०० मिली.

कुणी 'सेल्सिअसने का नाही?' म्हणून हटून बसलं, तर मी सुरुवातीचं तापमान ० अंश घेऊन तेच गणित करायला सांगतो. शून्याने भागायची वेळ येते. उणे १० घेतलं, तर आकारमानच उणे येतं. मग वाद मिटतो.

२७३ घ्यायचे की २७३.१५, यावर मात्र उगाच डोकं शिणवू नका. वरच्या गणितात २७३.१५ घेतले तर ७९९.९ मिली येतात. दोन्ही तापमानांना एकच आकडा वापरला म्हणजे झालं.

रूपांतर येणारी मुलंही तीन ठिकाणी घसरतात. पहिलं, उणे तापमान: उणे २३ अंश म्हणजे २५० केल्विन, २९६ नव्हे. दुसरं, 'तापमान ५० अंशांनी वाढलं' असं वाक्य. इथे ५० हा फरक आहे आणि फरकात २७३ मिळवायचे नसतात. ५० अंशांची वाढ म्हणजे ५० केल्विनचीच वाढ. २७ अंशांवरून वाढ झाली असेल, तर ३०० चे ३५० होतील. घाईत पोरं ५० मध्ये २७३ मिळवून ३२३ लिहितात आणि तेच अंतिम तापमान धरतात. तिसरं, 'निरपेक्ष तापमान दुप्पट केलं' हे वाचून २७ चे ५४ करणं. ३०० चे ६०० केल्विन होतात, म्हणजे ३२७ अंश सेल्सिअस. आणि उत्तर अंशांत मागितलं असेल, तर शेवटी २७३ वजा करायला विसरू नका. हा एक गुण फार जणांचा जातो.

नियम आठवण्याआधी भांडं बघा

काय स्थिर आहे हे बहुतेक गणितांत सरळ लिहिलेलं नसतं, भांड्याच्या वर्णनातून ओळखावं लागतं. २७ वरून १२७ अंश हे आकडे तसेच ठेवू आणि फक्त भांडं बदलू.

आधीच्या नळकांड्यात दट्ट्या मोकळा सरकत होता. आतला दाब जरा वाढला की दट्ट्या बाहेर सरकतो, आणि दाब पुन्हा बाहेरच्याइतका होतो. म्हणून तिथे दाब स्थिर, आकारमान ४/३ पट.

आता तीच हवा झाकण घट्ट बसवलेल्या पोलादी डब्यात घ्या. डबा फुगत नाही, म्हणजे आकारमान स्थिर. या वेळी दाब ४/३ पट होतो. आधी १ वातावरण असेल, तर आता १.३३.

तिसरं भांडं म्हणजे बूच नसलेला काचेचा चंबू. इथे हुशार मुलंही फसतात. 'काच फुगत नाही, आकारमान स्थिर, तर दाब वाढला' असं लिहून टाकतात. पण तोंड उघडं आहे, त्यामुळे आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच राहतो. दाबही स्थिर आणि आकारमानही स्थिर, मग बदललं काय? चंबूतली हवा कमी झाली. तापलेली हवा तोंडातून निघून गेली. `PV = nRT` मध्ये डावी बाजू तीच आहे, म्हणून n आणि T यांचा गुणाकारही तोच राहायला हवा. T ४/३ पट झालं, तर n ३/४ उरणार. म्हणजे एक चतुर्थांश हवा बाहेर गेली.

म्हणून मी मुलांना कोणत्या नियमाला कुणाचं नाव ते आधी आठवू देत नाही. `PV = nRT` लिहायचं, R खोडायचा, मग भांडं बघून जे हलणार नाही ते खोडायचं. उरतं ते सूत्र. तळ्याच्या तळाशी असलेला बुडबुडा वर येताना दाब आणि तापमान दोन्ही बदलतात. तिथे फक्त n खोडता येतो आणि `P₁V₁/T₁ = P₂V₂/T₂` आपोआप हाती येतं.

'सिलिंडर' या शब्दाशी जपून राहा. गणितात तो कधी दट्ट्याचा असतो, कधी बंद. आणि स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला हे सूत्र लावूच नका. त्यात बहुतांश द्रव असतो. गॅस वापराल तसा द्रवाचा आणखी वायू होत राहतो, त्यामुळे तापमान तेच असेल, तर द्रव संपत येईपर्यंत आतला दाब जवळपास तेवढाच राहतो.

टायरचा दाब

सेल्सिअसची चूक दाबातही होते, फक्त ती लवकर दिसत नाही. पंपावर हवा भरताना काटा ३० पीएसआय दाखवतो, तो बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते. पंक्चर टायरला काटा शून्यावर असतो, पण आत हवा असतेच. म्हणजे या काट्याचं शून्यही खरं शून्य नाही.

समजा २७ अंशांना काटा ३० दाखवतो आणि रस्त्यावर टायर ५७ अंशांपर्यंत तापला. आकारमान स्थिर धरू. तापमान ३०० वरून ३३० केल्विन झालं, म्हणजे १.१ पट. सरळ ३० ला १.१ ने गुणलं तर ३३ येतात. पण खरा दाब ३० अधिक वातावरणाचा १४.७, म्हणजे ४४.७ आहे. त्याचे १.१ पट म्हणजे साधारण ४९.२. त्यातून १४.७ वजा केले की काट्यावर दिसणार ३४.५.