मुलाखत घेणाऱ्यांना काही महिन्यांनी आभाराचा मेल लिहिताय? या चुका टाळा

निवड झाली नाही, पण मुलाखत घेणाऱ्यांनी वेळ काढून नेमकं काय कमी पडलं ते सांगितलं. पुढे दुसरीकडे नोकरी लागली आणि तिथे तेच सांगणं कामी आलं. अशा वेळी त्यांना कळवावंसं वाटतं, आणि जरूर कळवावं. मात्र बहुतेक मेल एकाच वाक्यावर अडकतात: ‘आपल्या मोलाच्या फीडबॅकबद्दल मनःपूर्वक आभार.’

हे वाक्य कुणीही कुणालाही लिहू शकतं. मधल्या काळात त्यांनी कितीतरी उमेदवार पाहिलेले असतात, त्यामुळे तुमचं नाव आठवेलच असं नाही. त्यातून मेल असा मोघम असेल, तर पुढे काहीतरी मागणं येणार अशी शंका येते. म्हणून तीन गोष्टी ठोस हव्यात: त्यांनी काय सांगितलं होतं, तुम्ही त्याचं काय केलं आणि त्यातून काय झालं.

डेटा अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीचं उदाहरण घेऊ. ऑर्डरचं टेबल आणि पेमेंटचं टेबल जोडून एकूण विक्री काढायची होती. उमेदवाराने लगेच क्वेरी लिहिली. पण काही ऑर्डरचे पैसे दोन हप्त्यांत आले होते. जोडल्यावर अशी ऑर्डर दोन ओळींत आली, तिची रक्कम दोनदा धरली गेली आणि बेरीज फुगली. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी नंतर कळवलं, की क्वेरी येते, पण टेबलातली एक ओळ म्हणजे काय, एक ऑर्डर की एक हप्ता, हे आधी विचारायला हवं होतं. चार-पाच महिन्यांनी त्या उमेदवाराने मॅडमना असं लिहिलं:

‘नमस्कार मॅडम, मार्चमध्ये डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी तुम्ही माझी मुलाखत घेतली होती. टेबलं जोडण्याआधी एक ओळ म्हणजे काय ते विचारायचं, असं तुम्ही कळवलं होतं. जूनपासून मी दुसऱ्या कंपनीत याच कामावर आहे. आता कुठलीही क्वेरी लिहिण्याआधी मी तो प्रश्न लिहून ठेवते आणि जोडण्यापूर्वी व नंतर ओळी मोजते. गेल्या महिन्यात एका रिपोर्टमधली दुहेरी मोजणी तो बाहेर जाण्याआधीच सापडली. हे तुम्हाला कळवावंसं वाटलं. उत्तराची घाई नाही. मनापासून आभार.’

यात नव्या कंपनीचा एकही आकडा नाही, कोणाचा रिपोर्ट होता तेही नाही. उत्साहाच्या भरात इथेच घसरायला होतं. आपली प्रगती पटवून देण्यासाठी लोक कंपनीच्या आतली माहिती लिहून जातात, आणि समोरची व्यक्ती कदाचित त्याच व्यवसायातली असते. शिकलेली सवय सांगा, ज्या कामात ती वापरली त्याचा तपशील नको. त्याच कारणाने मेल वैयक्तिक पत्त्यावरून पाठवा, नव्या ऑफिसच्या नव्हे.

शक्यतो त्यांच्या जुन्या मेललाच उत्तर द्या. खाली त्यांचेच शब्द दिसतात आणि ओळख पटवण्यात ओळी खर्च होत नाहीत. फक्त विषयाची ओळ बदला, कारण ‘Re: Interview Feedback’ पाहून निवडीचा वाद पुन्हा निघालाय असं वाटू शकतं. ‘मार्चमधल्या तुमच्या सूचनेचा उपयोग झाला’ इतकं पुरे. काही मेल सेवांमध्ये विषय बदलला की साखळी वेगळी दिसते, म्हणून खालचा जुना मजकूर काढू नका. सूचना एचआरमार्फत आली असेल, तर मुलाखत घेणाऱ्यांचा पत्ता अंदाजाने जुळवू नका; एचआरलाच लिहून निरोप पोहोचवायची विनंती करा. मेल परत आला, तर त्या व्यक्तीने कंपनी सोडली असण्याची शक्यता आहे. मग लिंक्डइनवर विनंती पाठवा, पण तिथल्या टिपेत अक्षरांची मर्यादा असते, तेव्हा महिना, जागा आणि ती एक सूचना एवढंच लिहा.

घाईही नको. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात लिहिलंत, तर सांगायला फक्त नोकरी लागल्याची बातमी असते, आणि ‘तुम्ही घेतलं नाहीत, पण मला मिळाली’ असा सूर नकळत लागतो. ती सवय कामात एकदा तरी उपयोगी पडू द्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक शेवटच्या ओळीत होते: ‘काही ओपनिंग असेल तर कळवा’, सोबत ताजा रेझ्युमे. वरचे सगळे आभार त्या क्षणी अर्जाची प्रस्तावना ठरतात. शिवाय नुकतंच रुजू झालेलं माणूस बाहेर बघतंय, असाही अर्थ निघतो. मागणं असेल, तर ते काही महिन्यांनी, वेगळ्या मेलमध्ये, उघडपणे करा.

‘संपर्कात राहू’ हे लिहायचं असेल, तर कशाबद्दल तेही लिहा. मुलाखतीत एखाद्या तंत्रावर बोलणं झालं असेल आणि त्यावर नंतर उपयोगी काही सापडलं, तर ते दोन ओळींत पाठवणं पुरेसं आहे. उत्तर आलं नाही, तर ‘माझा मेल मिळाला का?’ असं विचारू नका. आभाराच्या मेलला उत्तर देणं लागत नाही, आणि न आलेल्या उत्तराचा अर्थ नाराजी असा होत नाही.